मोदकांच्या एका व्हिडिओत तीन गाणी, आणि चतुर्थीच्या तोंडावर तो कसा उडाला

कोल्हापुरातलं एक मिठाईचं दुकान आहे, नाव घेत नाही. गणपतीच्या 9 दिवस आधी त्यांनी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरसाठी 45 सेकंदांचा व्हिडिओ केला. यूट्यूबवर आडवा, इन्स्टावर तोच कापून रील, आणि व्हॉट्सॲपवर नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपला. शूटिंग मालकांच्या मुलाने केलेलं आणि एडिटिंग ओळखीच्या एका पोराने, व्हिडिओ खरंच छान झाला होता, ऑर्डरीही सुरू झाल्या. पाचव्या दिवशी यूट्यूबवरून व्हिडिओ गेला आणि चॅनेलला स्ट्राइक बसला, रीलचा आवाज तर त्याआधीच बंद झालेला, आणि चतुर्थी 4 दिवसांवर. तेव्हा त्यांचा मला फोन आला, दुकानदारांच्या व्हिडिओंचं परवानग्यांचं काम मी करते म्हणून.

अशा वेळी मी तयार व्हिडिओ मागत नाही, एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल मागते, कारण तयार व्हिडिओत आवाज एकात एक मिसळलेले असतात आणि प्रोजेक्टमध्ये प्रत्येक पट्टी वेगळी दिसते. इथे तीन पट्ट्या निघाल्या. पहिली 14 सेकंद आरती, एका जुन्या प्रसिद्ध कॅसेटमधली. नंतर शेवटपर्यंत बासरी आणि तबल्याचा एक तुकडा, "नो कॉपीराइट म्युझिक" नावाच्या चॅनेलवरून डाउनलोड केलेला. आणि तिसरी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती, 22व्या सेकंदापासून साधारण 8 सेकंद भटारखान्यातला शॉट आहे, काकू कळीचे मोदक वळतायत, वाफ येतीये, आणि मागे रेडिओवर हिंदी सिनेमाचं गाणं चाललंय. एडिटरने ते मुद्दाम ठेवलेलं, जिवंत वाटतं म्हणून.

तीन आवाज आणि तिघांचे मालक वेगळे, त्यामुळे तीन वेगळी संकटं. मुलगा मात्र सगळ्याला "कॉपीराइट आला" एवढंच म्हणत होता आणि तिथेच गोंधळ वाढत होता, कारण यूट्यूबवर क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. क्लेम हा बहुतेक वेळा मशीन करतं. गाण्याच्या मालकाने आपलं गाणं कंटेंट आयडी नावाच्या सिस्टिममध्ये आधीच देऊन ठेवलेलं असतं, तुमचा व्हिडिओ अपलोड झाला की आवाज जुळवून बघितला जातो, आणि जुळला की मालकाने जे ठरवलंय ते होतं: व्हिडिओ चालू राहतो पण जाहिरातीचे पैसे त्याला, किंवा काही देशांत किंवा सगळीकडे ब्लॉक, किंवा नुसती नोंद. क्लेमने चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाने यूट्यूबला कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ काढायला लावला. 90 दिवसांत असे 3 झाले की चॅनेलच जाऊ शकतं, आणि व्हिडिओ आपण डिलीट केला म्हणून स्ट्राइक जात नाही. मुलाने घाबरून आधी तेच केलं होतं.

यांना आरतीवर क्लेम होता, पैसे कंपनीला. मुलगा म्हणाला, "ताई, आम्हाला यूट्यूबचे पैसे नकोच आहेत की, मग काय बिघडलं?" बिघडतं हे, की क्लेमवाला तुमच्या व्हिडिओवर जाहिराती चालवू शकतो, म्हणजे तुमच्या मोदकांच्या आधी दुसऱ्या एखाद्या मिठाईवाल्याची जाहिरात लागायची शक्यता असते आणि ती थांबवणं तुमच्या हातात राहत नाही. रेडिओवरच्या गाण्याला दुसरा क्लेम, त्यात काही देशांत ब्लॉक. त्यामुळे दुबईतून आईवडिलांच्या घरी मोदक पाठवायची ऑर्डर देणाऱ्यांना लिंक उघडत नव्हती आणि इथे दुकानात कुणाला पत्ताच नाही, कारण भारतात ती नीट चालत होती. आणि स्ट्राइक आला तो त्या "नो कॉपीराइट" तुकड्यामुळे, ज्याची त्यांना सगळ्यात जास्त खात्री होती.

त्याची गोष्ट आधी सांगते, कारण घाईची ती होती.

ज्या चॅनेलवरून तुकडा घेतला त्याने तो स्वतः बनवलेलाच नव्हता, दुसऱ्याचा उचलून टाकला होता. शोधत गेल्यावर मूळ संगीतकार सापडला, परदेशातला एकटा काम करणारा माणूस, आणि त्याच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं की घरगुती व्हिडिओला फुकट, धंद्याच्या व्हिडिओला लायसन्स विकत घ्या. जी गोष्ट आपली नाही ती फुकट वाटायचा अधिकार त्या मधल्या चॅनेलला नव्हताच, त्यामुळे डिस्क्रिप्शनमध्ये त्याचं नाव आणि लिंक टाकून काही साधलं नाही. क्रेडिट देणं ही लायसन्समधली एक अट असू शकते, लायसन्सची जागा ते घेत नाही. हे मला दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं आणि दर वेळी समोरच्याला ते अन्यायाचं वाटतं, पण आहे ते असं आहे.

स्ट्राइक आल्यावर रस्ते तीनच. 90 दिवस थांबायचं आणि यूट्यूबचा तो कॉपीराइट स्कूलचा छोटा धडा पूर्ण करायचा. किंवा चूक समोरच्याची असेल तर काउंटर नोटिफिकेशन द्यायचं, ज्यात आपलं नाव-पत्ता जातो आणि पुढे प्रकरण कोर्टात जायची तयारी ठेवावी लागते, त्यामुळे आपली बाजू कच्ची असताना त्याच्या वाटेला जाऊच नये. तिसरा म्हणजे ज्याने नोटीस दिली त्यानेच ती मागे घेणं. इथे चूक आपल्याकडची होती म्हणून तिसराच. संगीतकाराला चार ओळींची मेल लिहिली: हा व्हिडिओ, ही लिंक, तुमचा अमुक तुकडा विनापरवानगी वापरला गेला, आम्ही छोटं मिठाईचं दुकान आहोत, आज तुमच्या पानावरून धंद्याचं लायसन्स घेतलंय, पावती जोडली आहे, कृपया नोटीस मागे घ्यावी. रडगाणं नाही आणि "आम्हाला माहीत नव्हतं" वगैरे लांबण नाही. दोन दिवसांत त्याने मागे घेतली. प्रत्येक जण घेईल असं नाही, पण एकटा कलाकार असेल तर सरळ बोललेलं बरेचदा लागू पडतं, मोठ्या कंपनीत मेल कुणाच्या टेबलावर जाते तेच कळत नाही.

आता इन्स्टा. दुकानाचं खातं बिझनेस होतं आणि बिझनेस खात्याला ॲपमधली सगळी गाणी मिळत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. रील म्यूट झाल्यावर मुलाने काय केलं तर खातं बिझनेसवरून पर्सनल केलं, लगेच सगळी गाणी दिसायला लागली, मग ट्रेंडिंग गाणं लावून रील परत टाकलं. ही युक्ती गावोगावी चालते आणि त्यातला धोका कुणी सांगत नाही. इन्स्टा ज्यांचं आहे त्या मेटाने म्युझिक कंपन्यांकडून जी गाणी घेतलीयत ती लोकांनी आपापल्या वैयक्तिक पोस्टला लावावीत म्हणून, आणि त्यांच्या संगीताच्या नियमांत लिहिलेलंच आहे की व्यावसायिक वापराला वेगळं लायसन्स लागेल. खात्याचा प्रकार बदलला म्हणून मोदकांची जाहिरात वैयक्तिक होत नाही. रीलमध्ये किलोचा भाव आहे, फोन नंबर आहे, मग ती जाहिरातच. आणि पैसे टाकून बूस्ट करायला गेलं की तिथे अडतंच, यांचंही अडलं. अमेरिकेत बँग एनर्जी नावाच्या एनर्जी ड्रिंक कंपनीने टिकटॉकच्याच लायब्ररीतली गाणी आपल्या जाहिरातीच्या व्हिडिओंना लावली होती, युनिव्हर्सल म्युझिकने केस केली आणि 2022 मध्ये फ्लोरिडातल्या कोर्टाने कंपनीला जबाबदार धरलं, ॲपमध्ये गाणं उपलब्ध होतं हा बचाव चालला नाही. तो कायदा अमेरिकेचा, पण ॲपच्या अटींचं म्हणणं इथेही तेच आहे.

मी म्हटलं, ते रील आजच काढ आणि खातं परत बिझनेस कर. मेटाची साउंड कलेक्शन म्हणून फुकट संगीताची लायब्ररी आहे, ती बिझनेसला चालते, पण ती मेटाच्याच ॲपवर वापरण्यासाठी आहे, तिथला तुकडा उचलून यूट्यूबला लावायचा नाही. एकच व्हिडिओ तीन ठिकाणी टाकायचा असेल तर हे आधीच बघावं लागतं, नाहीतर एका ठिकाणची परवानगी घेऊन माणूस दुसऱ्या ठिकाणी अडकतो.

चतुर्थी डोक्यावर, म्हणून नवीन व्हिडिओ संगीताशिवायच केला. रेडिओ बंद. खोबरं खवल्याचा आवाज, उकड मळतानाचा, मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर वाफेचा फुस्स, आणि काकूंच्या आवाजात दोन वाक्यं. आदल्या रात्री यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा टाकून ठेवला, कारण अपलोड करताना `Checks` नावाचा टप्पा येतो तिथे मशीन आधीच जुळवून सांगतं, लोकांसमोर जायच्या आत. तिथे काही निघालं नाही म्हणजे कायमची सुटका असं नाही, क्लेम नंतरही येऊ शकतो, पण निम्मी धांदल तिथेच वाचते. जुन्या व्हिडिओवरचे दोन क्लेम भांडायचे का, असं मुलाने विचारलं. नाही. एक तर ते क्लेम खरे होते आणि खरा क्लेम डिस्प्यूट करायचा नसतो, दुसरं म्हणजे डिस्प्यूटला उत्तर द्यायला समोरच्याला 30 दिवस असतात, तोपर्यंत गणपती जाऊन पितृपक्षही उलटून गेलेला असतो. व्हिडिओ चालू ठेवायचाच असता तर यूट्यूब स्टुडिओत तेवढं गाणं म्यूट करायची किंवा बदलायची सोय आहे, व्हिडिओ नव्याने टाकावा लागत नाही आणि व्ह्यूजही राहतात. यांचा व्हिडिओ मुलानेच डिलीट केलेला, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

खरी चर्चा झाली ती आरतीवर, गणपती विसर्जनानंतर. कारण तेव्हा एक ईमेल आली, म्युझिक कंपनीच्या वतीने हक्क सांभाळणाऱ्या एजन्सीकडून, की आमचं ध्वनिमुद्रण तुम्ही जाहिरातीत वापरलंत, झालेल्या वापराची फी भरा. काका, म्हणजे मालक, चिडले. "आरती समर्थांची, चाल घरोघरची, आमच्या आज्यापासून म्हणतोय, ह्यांनी कशाचे पैसे मागायचे?"

काकांचं अर्धं बरोबर होतं. "सुखकर्ता दुःखहर्ता" समर्थ रामदासांची, सतराव्या शतकातली, शब्दांवर आज कुणाचाच कॉपीराइट नाही. आपल्याकडे गीत आणि संगीताचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, तो इथे प्रश्नच नाही. पण कॅसेटवरची आरती म्हणजे नुसते शब्द नाहीत. ते ध्वनिमुद्रण ही आपल्या कायद्यात वेगळी वस्तू आहे, त्याला स्वतःचा कॉपीराइट आहे, प्रसिद्ध झालेलं वर्ष संपल्यापासून 60 वर्षांचा. म्हणजे 1964 साली निघालेली तबकडी 31 डिसेंबर 2024 पर्यंत कंपनीची. यांनी वापरलेली कॅसेट त्याच्या कितीतरी नंतरची. शिवाय मध्ये जे वाद्यांचे तुकडे आहेत ते त्या वेळी कुणीतरी नव्याने बांधलेले, त्यांचाही हक्क वेगळा. म्हणून आरती सगळ्यांची आणि रेकॉर्डिंग कंपनीचं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

"मग मंडपात लावतात ते?" हाही काकांचा प्रश्न रास्त होता. कायद्याच्या कलम 52 मध्ये खऱ्या धार्मिक विधीच्या वेळी गाणं वाजवायला सूट आहे, लग्नाची वरातही त्यात येते. मोदकांची जाहिरात हा विधी नव्हे. दुकानात गाणी लावायचं लायसन्स काकांकडे होतं, तेही त्यांनी फाइलीतून काढून दाखवलं, पण ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाजवण्यापुरतं. चित्राला गाणं जोडायची परवानगी वेगळी, तिला सिंक लायसन्स म्हणतात आणि ते गाण्याच्या मालक कंपनीकडून घ्यावं लागतं, किती सेकंद, कुठल्या माध्यमात, किती काळ, कुठल्या देशांत हे ठरवून. आणि ते "30 सेकंदांपर्यंत चालतं" वगैरे जे आहे तसं आपल्या कायद्यात कुठेच नाही.

ईमेलला आम्ही उत्तर असं दिलं: व्हिडिओ अमुक तारखेला काढला आहे, तुम्ही कुठल्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलताय त्याचं नाव आणि प्रसिद्धीचं वर्ष कळवा, त्यावर तुमचा हक्क असल्याचा कागद आणि तुम्हाला वसुलीचा अधिकार दिल्याचं पत्र पाठवा. फोनवर काहीही कबूल करायचं नाही असं मुलाला बजावलं, पण गप्प बसायचंही नाही, कारण दुर्लक्ष केलं की पुढचं पत्र वकिलाचं येतं. त्यांनी कागद पाठवले, कागद बरोबर होते, मग दुकानाच्या वकिलांनी बोलून रक्कम कमी केली आणि मागचं सगळं मिटलं असं लेखी घेऊन पैसे दिले. ते "मिटलं" लेखी घेणं महत्त्वाचं, व्हॉट्सॲप आणि इन्स्टावरच्या वापरासकट, नाहीतर त्याच व्हिडिओची दुसऱ्या ठिकाणची प्रत दाखवून परत मागणी येऊ शकते.

काकांनी मग ठरवलं की माघी गणपतीला आपलीच आरती रेकॉर्ड करायची. मला हे फार आवडलं, कारण ज्या दुकानाला दरवर्षी तीच आरती लागणार आहे त्याच्यासाठी हाच सगळ्यात स्वच्छ रस्ता आहे. गल्लीतली एक गायिका, एक पेटीवाले, टाळ आणि तबला, एका छोट्या स्टुडिओत अर्ध्या दिवसाचं काम. चाल पारंपरिकच ठेवली, आणि पेटीवाल्यांना सांगितलं की कॅसेटमधले मधले तुकडे वाजवायचे नाहीत, हाताला सवय असली तरी, स्वतःचं काहीतरी बसवा. त्यांनी सुंदर बसवलं.

मग कागद. पैसे दिले म्हणजे हक्क आपला झाला असं सगळे धरून चालतात आणि इथेच नंतर मारामाऱ्या होतात. पेटीवाल्यांनी जो नवीन तुकडा बांधला त्याचे पहिले मालक ते स्वतः, दुकानाकडे तो लेखी दिल्याशिवाय येत नाही. आणि नुसतं "हक्क दिले" लिहून भागत नाही, कारण कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. इंटरनेटवरचा व्हिडिओ तर दुबईतही दिसतो. आमच्या कागदातलं मुख्य वाक्य असं होतं: "सदर संगीतरचना व तिचे ध्वनिमुद्रण, इंटरनेटसह सर्व माध्यमांत, जगभर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, चित्रफितीसोबत वा स्वतंत्रपणे वापरण्याचे हक्क." खाली मोबदला, तारीख, सह्या. एक वर्षात वापरलं नाही तर हक्क परत जातात अशी पण तरतूद त्याच कलमात आहे, म्हणून वापर केव्हाही केला तरी चालेल हे वेगळं लिहून घेतलं. गायिकेची लेखी संमती वेगळी, कारण गाणाऱ्याचे स्वतःचे हक्क असतात. वकिलांना एकदा दाखवून घेतलं.

एवढं करून व्हिडिओ अनलिस्टेड टाकला आणि क्लेम आलाच. मुलाचा चेहरा पडला, पण हा क्लेम वेगळा होता. डिटेल उघडल्यावर तिथे ध्वनिमुद्रण नाही, मेलडी लिहिलेलं, म्हणजे मशीनला चाल जुळलेली दिसली, कारण कुठल्यातरी कंपनीच्या आरतीची चालही तीच आहे, सगळ्यांचीच तीच आहे. हा क्लेम मात्र भांडायचा. डिस्प्यूटमध्ये कारण निवडायला `Original content`, `License`, `Fair use`, `Public domain` असे पर्याय असतात. आम्ही `Public domain` निवडलं आणि लिहिलं की शब्द सतराव्या शतकातले आहेत, चाल पारंपरिक आहे, ध्वनिमुद्रण आम्ही स्वतः अमुक स्टुडिओत अमुक तारखेला केलंय, गायिका आणि वादकांचे करार आमच्याकडे आहेत. व्हिडिओ माघी गणपतीच्या दीड महिना आधी टाकला होता तो याचसाठी, 30 दिवस मोजून. मुदत संपायच्या आधीच क्लेम सुटला. ब्लॉक करणारा क्लेम असेल आणि वेळ नसेल तर `Escalate to appeal` म्हणून एक वाट आहे, तिथे समोरच्याला 7 दिवसच मिळतात, पण त्याने अपील नाकारून नोटीस दिली तर थेट स्ट्राइक बसतो, म्हणून कागद हातात असल्याशिवाय तिकडे जायचं नाही.

त्यानंतर एकच गोष्ट राहिली होती आणि ती गायिकेने स्वतःच काढली. तिला तीच आरती गाण्यांच्या ॲपवर स्वतःच्या नावाने टाकायची होती. काकांची काही हरकत नव्हती, उलट आनंदच. पण अशी गाणी ॲपवर टाकून देणारे जे डिस्ट्रिब्युटर असतात त्यांच्या फॉर्ममध्ये कंटेंट आयडीला द्यायचं का असा एक पर्याय असतो, आणि तिथे हो केलं असतं तर दुकानाच्या स्वतःच्याच व्हिडिओवर, स्वतःच्याच रेकॉर्डिंगसाठी, गायिकेच्या नावाने क्लेम आला असता. मी हे दोनदा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे होताना बघितलंय. म्हणून काकांकडून गायिकेला वेगळी लेखी परवानगी दिली, त्यात अट घातली की कंटेंट आयडीला द्यायचं नाही, आणि पुढे कधी दिलंच तर आधी दुकानाचं यूट्यूब चॅनेल डिस्ट्रिब्युटरकडे, ज्यांच्यावर क्लेम लावायचा नाही अशा चॅनेलांच्या यादीत टाकून घ्यायचं. तिने फॉर्म भरताना मला फोन लावला, त्या चौकटीपाशी आल्यावर विचारलं, "ताई, इथे नाही ना?" आणि नाही करून पुढे गेली.